आपले काम सहकाऱ्याकडे सोपवताना हस्तांतरण टिपण कसे लिहावे

बदली, दीर्घ रजा, नवी जबाबदारी किंवा राजीनामा यांपैकी कोणत्याही कारणाने तुमचे काम दुसऱ्याकडे जाणार असेल, तर वरिष्ठ एकच सूचना देतात: "एक हँडओव्हर नोट करून ठेवा." त्या टिपणात नेमके काय असावे हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. परिणामी बहुतेक टिपणांमध्ये कामांची नावे असतात, प्रत्येकापुढे "चालू आहे" असा शेरा असतो आणि शेवटी काही फोन नंबर असतात. असे टिपण हातात घेऊन बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जुन्या माणसाला फोन करावा लागतो.

मी टिपणे लिहिली आहेत आणि इतरांच्या टिपणांवरून कामेही हाती घेतली आहेत. त्या अनुभवावरून हा क्रम मांडत आहे. बोलणे हवेत राहू नये म्हणून संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो: पुरवठादारांची बिले तपासून ती पैसे देण्यासाठी पुढे पाठवणारे टेबल. प्रलंबित प्रकरणे, ठरावीक तारखा, बाहेरची माणसे आणि सहज न दिसणारे धोके असे सगळेच या कामात असते. तुमचे काम वेगळे असले तरी टिपण रचण्याची रीत हीच राहील.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय हवे

- तुम्ही पाठवलेल्या ईमेलचा फोल्डर, किमान मागील तीन महिन्यांचा
- तुमचे कॅलेंडर, मागील पूर्ण वर्षाचे
- प्रणालीतून काढलेली प्रलंबित बिलांची यादी, ज्या तारखेची आहे ती तारीख घालून
- मंजुरीचे अधिकार कोणाला आणि किती रकमेपर्यंत आहेत, याचे चालू पत्रक
- तुम्ही वापरता त्या सामायिक फोल्डरांची आणि फाइलींची यादी
- तुम्हाला हे काम मिळाले तेव्हाचे जुने टिपण, असल्यास

वेळेचा अंदाज द्यायचा तर शेवटच्या दिवसाच्या किमान दोन आठवडे आधी लिहायला बसा. यामागचे कारण सहाव्या पायरीत येईल.

१. कामांची यादी आठवणीतून नव्हे, नोंदींतून काढा

आठवून यादी केली की मोठी आणि रोजची कामे तेवढी उतरतात. बिल आले की ते खरेदी आदेशाशी आणि गोदामाच्या माल-पोहोच नोंदीशी ताडून पाहायचे, मंजुरी घ्यायची आणि पैसे सोडण्याच्या यादीत घालायचे, हे कोणीही विसरत नाही. विसरते ते तिमाहीत एकदा पुरवठादारांना शिल्लक रकमेची खात्री करून घेण्यासाठी पाठवायचे पत्र, किंवा महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दुपारी गोदामाला करायची आठवण. हे दुसरे काम कोणत्याही कार्यपद्धतीत लिहिलेले नसते. तुम्ही ते सवयीने करत आलेला असता आणि म्हणूनच ते तुमच्याबरोबर निघून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

यावर उपाय सोपा आहे. पाठवलेल्या ईमेलचे विषय वरपासून खालपर्यंत वाचत जा आणि प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या ईमेलसाठी एक ओळ लिहा. आलेल्या ईमेलपेक्षा पाठवलेले ईमेल अधिक उपयोगी पडतात, कारण तुम्ही प्रत्यक्षात काय करता हे तेच दाखवतात. त्यानंतर मागील वर्षाच्या कॅलेंडरवर नजर टाका, म्हणजे वर्षातून एकदा किंवा दोनदाच येणारी कामे, उदाहरणार्थ वार्षिक लेखापरीक्षणासाठी द्यायचे नमुना कागद, हाती लागतील.

जमलेल्या ओळींचे तीन गट करा: रोजची कामे, ठरावीक तारखेची कामे आणि निमित्ताने उद्भवणारी कामे. तिसऱ्या गटाकडे विशेष लक्ष द्या. नवा पुरवठादार जोडणे, पुरवठादाराचे बँक खाते बदलणे किंवा चुकून जास्त गेलेली रक्कम परत मिळवणे ही कामे क्वचितच येतात, पण ती येतात तेव्हा शिकवायला तुम्ही शेजारी नसता.

२. स्थिती लिहिताना चार प्रश्नांची उत्तरे द्या

टिपणाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा. प्रत्येक प्रलंबित प्रकरणात वाचणाऱ्याला चार गोष्टी कळल्या पाहिजेत: आतापर्यंत काय झाले, पुढची कृती कोणती, ती कोणी करायची आहे, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत झाली नाही तर काय होईल. "चालू आहे", "पाठपुरावा करावा" किंवा "लक्ष ठेवावे" या शब्दांतून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

एक प्रकरण प्रत्यक्ष मांडून पाहू. एका पुरवठादाराकडे १२० खुर्च्यांचा खरेदी आदेश दिला होता. गोदामात ११२ खुर्च्या पोहोचल्या. बिल मात्र १२० खुर्च्यांचे आले, त्यावर ३ मार्च ही तारीख आहे आणि पैसे देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. सर्वसाधारण टिपणात हे असे उतरेल:

> खुर्च्यांचे बिल: संख्येत फरक आहे, पुरवठादाराशी बोलणे चालू आहे. मुदत २ एप्रिल.

हे वाचून नवा माणूस २ एप्रिल ही तारीख डोळ्यांपुढे ठेवील आणि नेमका तिथेच फसेल. या कार्यालयात पैसे सोडण्याची यादी दर गुरुवारी जाते, आणि त्या यादीत येण्यासाठी मंजुरी मंगळवारी संध्याकाळपर्यंत लागते. २ एप्रिल हा बुधवार आहे. त्याआधीचा शेवटचा गुरुवार २७ मार्च, म्हणजे मंजुरीचा शेवटचा दिवस २५ मार्च ठरतो. बिलावरची मुदत आणि कामाची खरी मुदत यांत आठ दिवसांचे अंतर आहे, आणि ते ठाऊक असलेला एकमेव माणूस टेबल सोडून चालला आहे. म्हणून हीच नोंद अशी लिहा:

> खुर्च्यांचे बिल, दिनांक ३ मार्च. (ही स्थिती १७ मार्च, दुपारी ४ वाजेपर्यंतची आहे.)
> झाले ते: आदेश १२०, पोहोच ११२, बिल १२०. प्रणालीत बिल रोखून ठेवले आहे. आठ खुर्च्या परत पाठवणे शक्य नसल्याचे पुरवठादाराने मान्य केले असून त्या आठांची रक्कम बिलातून वजा करणारी क्रेडिट नोट देण्याचे १४ मार्चच्या ईमेलमध्ये कबूल केले आहे. ईमेल सामायिक फोल्डरमध्ये आहे.
> पुढची कृती: क्रेडिट नोट आल्यावर ती बिलाला जोडणे, रोखलेले बिल मोकळे करणे आणि ११२ खुर्च्यांच्या रकमेची मंजुरी घेणे.
> चेंडू कोणाकडे: पुरवठादाराच्या लेखा विभागाकडे. २१ मार्चपर्यंत नोट आली नाही तर त्यांना फोन करणे.
> खरी मुदत: मंजुरी २५ मार्च, मंगळवार, संध्याकाळपर्यंत. ती चुकल्यास पैसे ३ एप्रिलला, म्हणजे एक दिवस उशिरा जातील.
> दिलेला शब्द: ११२ खुर्च्यांचे पैसे वेळेत मिळतील असे त्यांना फोनवर सांगितले आहे.

या नोंदीत एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. "परत पाठवणे शक्य नसल्याचे" हे शब्द चुकीचे आहेत, कारण त्या आठ खुर्च्या आल्याच नव्हत्या. योग्य वाक्य "आठ खुर्च्या पाठवता येणार नसल्याचे पुरवठादाराने कळवले आहे" असे होईल. अशी चूक मी मुद्दाम ठेवली आहे. स्थितीची प्रत्येक नोंद लिहून झाल्यावर मूळ कागद समोर ठेवून वाचा, कारण घाईत लिहिलेला एक शब्द वाचणाऱ्याला नसलेल्या खुर्च्या शोधायला गोदामात पाठवू शकतो.

शेवटच्या ओळीकडेही लक्ष द्या. फोनवर किंवा बैठकीत तुम्ही दिलेले शब्द कोणत्याही प्रणालीत नोंदलेले नसतात. ते टिपणात आले नाहीत तर नव्या सहकाऱ्याला ते समोरच्या माणसाच्या नाराजीतून कळतात. तसेच स्थितीपुढे तारीख आणि वेळ घाला, म्हणजे वाचणाऱ्याला माहिती किती जुनी आहे हे कळेल.

संपलेली पण पुन्हा डोके वर काढू शकणारी प्रकरणे एका वेगळ्या छोट्या यादीत ठेवा. त्यात निर्णय काय झाला आणि त्याचा कागद कुठे आहे, एवढे दोन मुद्दे पुरतात.

३. संपर्क नावाने नव्हे, कामाने लावा

नवा माणूस "अमुक व्यक्तीचा नंबर काय" असे विचारत नसतो. "पोहोच नोंद चुकली आहे, ती कोण दुरुस्त करते" हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून यादीचा पहिला स्तंभ अडचणीचा असावा, दुसरा माणसाचा आणि हुद्द्याचा, तिसरा ते उपलब्ध नसल्यास कोण याचा. चौथ्या स्तंभात त्यांच्याशी संपर्क कसा साधावा ते लिहा. गोदामातील माणसे ईमेल दिवसाअखेरीस पाहत असतील, तर सकाळच्या तातडीच्या कामासाठी फोनच करावा लागेल, हे तिथे नोंदवले पाहिजे.

निर्णय घेणारा माणूस आणि माहिती असणारा माणूस अनेकदा वेगळे असतात, हेही स्पष्ट करा. मंजुरी विभागप्रमुख देतात, पण बिल त्यांच्याकडे कुठे अडले आहे हे त्यांच्या सहायकांना ठाऊक असते. कोणाचाही खासगी मोबाइल नंबर त्यांना विचारल्याशिवाय टिपणात घालू नका, कारण हे टिपण पुढे किती जणांकडे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

बाहेरच्या संपर्कांना तुमच्या आणि नव्या सहकाऱ्याच्या नावाने एक ईमेल तुम्ही असतानाच पाठवा. मात्र त्यातून एक धोका उद्भवतो. टेबलावरचा माणूस बदलला हे कळले की पुरवठादाराच्या नावाने खोटा ईमेल पाठवून "आमचे बँक खाते बदलले आहे" असे कळवणाऱ्यांना संधी मिळते, कारण खऱ्या पुरवठादाराची लिहिण्याची पद्धत नव्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून खाते बदलण्याची विनंती आली तर त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन न करता, आपल्या नोंदीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी, ही सूचना संपर्कांच्या यादीच्या डोक्यावरच लिहा.

४. धोके लिहिताना चिन्ह, कारण आणि कृती सांगा

"दुहेरी बिलांपासून सावध राहावे" हे वाक्य बरोबर असूनही निरुपयोगी आहे, कारण दुहेरी बिल ओळखायचे कसे ते त्यात नाही. प्रत्येक धोक्यासाठी तो कशावरून कळतो, का होतो आणि कळल्यावर काय करायचे, हे तीन मुद्दे क्रमाने द्या. या टेबलावरचे दोन धोके मी असे लिहीन.

पहिला दुहेरी बिलाचा. पैसे उशिरा मिळाले की पुरवठादार तेच बिल पुन्हा पाठवतो. बिल क्रमांक हुबेहूब जुळला तरच प्रणाली इशारा देत असेल, तर एकदा "४५/०७" आणि दुसऱ्यांदा "४५-७" असे टाइप केलेले तेच बिल दोन वेगळी बिले म्हणून स्वीकारले जाते. एकाच पुरवठादाराची, एकाच रकमेची आणि एकाच तारखेची दोन बिले दिसणे हे त्याचे चिन्ह आहे. गुरुवारची यादी पाठवण्यापूर्वी ती पुरवठादार आणि रक्कम या क्रमाने लावून पाहावी, आणि जोडी दिसली तर दोन्ही बिलांची मूळ प्रत उघडावी. दोन महिन्यांचे ठरावीक शुल्क सारख्याच रकमेचे असू शकते, तेव्हा रक्कम जुळली एवढ्यावरून बिल रद्द करू नये.

दुसरा महिनाअखेरीचा. माल आला पण बिल आले नाही, तर त्या खर्चाची तरतूद त्याच महिन्यात करावी लागते, आणि पुढच्या महिन्यात बिल आल्यावर ती तरतूद उलट नोंदीने काढावी लागते. उलट नोंद राहिली तर तोच खर्च दोनदा दिसतो. एखाद्या विभागाचा खर्च महिन्याच्या सुरुवातीलाच अनपेक्षित वाढलेला दिसणे हे त्याचे चिन्ह आहे. म्हणून महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी मागील महिन्याच्या तरतुदींची यादी उघडून प्रत्येकीपुढे उलट नोंद आहे का ते पाहावे.

असे पाच-सहा धोके पुरतात. माणसांच्या स्वभावाविषयी काही सांगावेसे वाटले तर ते वागण्याच्या रूपात लिहा. "ते आडमुठे आहेत" असे न लिहिता "ते पोहोच नोंदीची प्रत जोडल्याशिवाय मंजुरी देत नाहीत" असे लिहिले, तर ते वाचणाऱ्याच्या उपयोगी पडते आणि त्या व्यक्तीने वाचले तरी अन्याय होत नाही.

५. प्रवेश आणि मालकी तपासा

टिपणात पासवर्ड कधीही लिहू नका. कोणत्या प्रणालीत कोणता प्रवेश लागतो आणि तो कोणाकडे मागायचा एवढेच लिहा, आणि विनंती तुम्ही असतानाच पाठवा, कारण मंजुरीला वेळ लागतो.

त्याहून नजरेआड राहणारी गोष्ट म्हणजे तुमच्या नावावर चालणारी कामे. दर सोमवारी आपोआप जाणारा अहवाल तुमच्या खात्यातून सुटत असेल, तर खाते बंद होताच तो थांबण्याची शक्यता असते, आणि अहवाल आला नाही हे लक्षात यायला बराच काळ जातो. फाइली तुमच्या वैयक्तिक जागेत असणे, दरमहाची बैठक तुमच्या कॅलेंडरमधून ठरलेली असणे, पुरवठादाराच्या पोर्टलचा ओटीपी तुमच्या फोनवर येणे, बिले तुमच्या वैयक्तिक ईमेल पत्त्यावर येणे, या सगळ्यांची मालकी बदलावी लागते. खात्री करण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे: सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या संगणकावर टिपणातील प्रत्येक लिंक उघडून पाहावी. तुमच्या संगणकावर ती उघडते यावरून काहीच सिद्ध होत नाही.

६. सहकाऱ्याकडून एक पूर्ण फेरी करून घ्या

रुग्णालयांत पाळी बदलताना डॉक्टरांनी एकमेकांना रुग्णांची माहिती देण्यासाठी 'आय-पास' नावाची पद्धत वापरली जाते. अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांत तिचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत आणि तिचे प्रशिक्षण सुरू केल्यानंतर वैद्यकीय चुकांचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात नोंदले आहे. तिच्या पाच भागांपैकी शेवटचा भाग देणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा आहे: ऐकलेले त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. कार्यालयीन हस्तांतरणात हाच भाग बहुधा गळतो. "वाचले, समजले" या उत्तरावर दोघेही समाधान मानतात.

म्हणून टिपण दिल्यावर सहकाऱ्याला एक पूर्ण साप्ताहिक फेरी, म्हणजे बिल आल्यापासून गुरुवारची यादी जाईपर्यंतचे सगळे काम, केवळ टिपण वाचून करू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण काही चुकीचे पुढे जात नसेल तर बोलू नका. सहकारी जिथे थांबेल, प्रश्न विचारेल किंवा दुसरीच फाइल उघडेल, ती जागा लिहून ठेवा आणि त्याच संध्याकाळी टिपणात भर घाला. उत्तर तोंडी देऊन मोकळे होऊ नका, कारण तेच उत्तर महिन्याभराने पुन्हा लागेल. दोन आठवडे आधी लिहायला बसा असे म्हटले ते यासाठी: एक फेरी सहकाऱ्याच्या हातून आणि दुसरी दुरुस्त टिपणावरून, एवढा वेळ मिळायला हवा.

७. मांडणी आणि शेवटच्या नोंदी

पहिल्या पानावर फक्त पहिल्या पाच कामाच्या दिवसांत काय करायचे ते तारीखवार द्या. त्यानंतर प्रलंबित प्रकरणे खऱ्या मुदतीच्या क्रमाने, मग संपर्क, मग धोके, आणि शेवटी कामांची संपूर्ण यादी ठेवा. सविस्तर कार्यपद्धती आधीच लिहिलेली असेल तर ती पुन्हा उतरवू नका, तिची लिंक द्या आणि प्रत्यक्ष काम तिच्यापेक्षा जिथे वेगळे चालते तेवढेच नोंदवा.

टिपण सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची लिंक वरिष्ठांना पाठवा. त्याच ईमेलमध्ये हस्तांतरणाची तारीख लिहा, म्हणजे कोणत्या दिवसापासून कोणते काम कोणाचे यावर पुढे वाद होणार नाही. तुम्ही नंतर प्रश्नांसाठी उपलब्ध राहणार असाल तर कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मार्गाने, हे टिपणाच्या पहिल्या पानावर लिहा. संस्था सोडून जाणार असाल, तर त्यानंतर प्रश्न कोणाला विचारायचे त्या व्यक्तीचे नाव वरिष्ठांकडून ठरवून घेऊन तिथे घाला.